वय अधिक शंभर

आमच्या गावात बीपीला एकच आकडा असायचा. "माझा दीडशे हाय," "मामीचा एकशे साठ निघाला," असं लोक सांगायचे. त्याच्या खाली आणखी एक आकडा असतो, हे मला लातूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला कळलं.

गावाला बीपी शिकवला तो कंपाउंडर काकांनी. उदगीरच्या एका डॉक्टरांकडे त्यांनी उभी हयात काढली होती. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, आणि काका पाऱ्याचं मशीन घेऊन गावी परत आले. सकाळी मारुतीच्या पारावर ते मशीनची लाकडी पेटी उघडून बसायचे. कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. दंडाला पट्टा बांधायचे, रबरी फुगा दाबायचे, कानात नळी आणि बोटं मनगटावर. मग विचारायचे, "वय किती?" त्यात शंभर मिळवायचे. आकडा त्याच्या आत असला की म्हणायचे, "जा. घोड्यावानी हायस." माणूस खूश होऊन शेताकडे जायचा.

हा हिशेब काकांच्या मनातून आलेला नव्हता. जुन्या काळी काही डॉक्टरही तसं सांगत. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि काकांनी ते जपून ठेवलं.

मी आज जी आहे ती या काकांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बारावीनंतर वडील स्थळं बघायला लागले, तेव्हा काका घरी आले आणि म्हणाले, "सायन्स घेतलेली पोरगी हाय, तिला नर्स करू. जबाबदारी माझी." इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते निलंग्याहून एसटीने माझ्याबरोबर लातूरला आले. माझी पत्र्याची पेटी त्यांनी खांद्यावर घेतली होती. काकूंनी फडक्यात धपाटे बांधून दिले होते, आणि वरून बजावलं होतं, "वाटंत यांनाच सगळे खाऊ देऊ नको."

शिकून झाल्यावर काही वर्षांनी आमच्याच गावच्या आरोग्य उपकेंद्रात माझी नेमणूक झाली. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा बीपी आणि साखर तपासायची, हे कामच होतं. पहिल्या आठवड्यात काकू आल्या. बीपी बघायला नव्हे, माझी खुर्ची बघायला.

"बसू का सायबीन?"

"पाच मिनिटं गप्प बसा काकू. बोलायचं नाही. मग मोजते."

"गप बसाय आली का मी? गप तर घरी बसतेच की, त्या बहिऱ्याजवळ."

मी हसले. काकूंचं काकांना बहिरा म्हणणं आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. नवऱ्याला बायका म्हणतात त्यातलंच ते, असं सगळे समजायचे.

पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, दंड काळजाच्या उंचीला घेऊन मी दोनदा मोजला. एकशे अठ्ठावन्न आणि एकशे दोन. पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. एकशे बासष्ट आणि शंभर. त्यांचं वय त्रेसष्ट होतं.

काकूंना समजावं म्हणून मी फवारणीच्या पंपाचं उदाहरण दिलं. पाठीवरच्या पंपाचा दांडा मारला की आत दाब चढतो, फवारा जोरात उडतो. हृदय आवळून रक्त ढकलतं तेव्हाचा तो दाब, वरचा आकडा. दांडा वर घेतला तरी फवारा लगेच थांबत नाही, कारण आत दाब शिल्लक असतो. दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडून भरून घेतं, तेव्हाही नसांत दाब राहतोच. तो खालचा आकडा. तो जास्त असला तर नसांना विसावा मिळत नाही.

"म्हंजी माझी नस रातंदिस कामावरच हाय," काकू म्हणाल्या. "माझ्यावानीच."

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि अम्लोडिपिनची रोज एक गोळी सुरू केली. मीठ कमी करा, लोणचं-पापड बंद, असं सांगितलं. काकू काही आठवडे नियमाने येत राहिल्या. बीपी उतरत उतरत एकशे चौतीस आणि ब्याऐंशीवर आला. मला फार आनंद झाला होता.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. गावातल्या आशा कार्यकर्तीकडे निरोप दिला, तरी आल्या नाहीत. मग मीच घरी गेले. काका ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"गोळी मीच बंद केली," ते म्हणाले. "एकशे चौतीस! बाईचं वय बघ. त्रेसष्ट अधिक शंभर, एकशे त्रेसष्ट पायजे. इतका उतरला तर माणूस गार पडंल."

"काका, गोळीमुळंच तो आटोक्यात आहे. गोळी थांबवली की परत चढेल."

"चढू दे की. एकशे अठ्ठावन्न होता तवा अजून पाच शिल्लकच हुते."

मी त्यांच्यासमोर बसून सगळं नीट सांगितलं. मोठ्या माणसाला वरचा एकशे वीसच्या आत आणि खालचा ऐंशीच्या आत, दोन्ही असले तरच नॉर्मल म्हणायचं. वरचा एकशे वीस ते एकशे एकोणचाळीस, किंवा खालचा ऐंशी ते एकोणनव्वद असेल तर वाढलेला. तिथे बहुतेकांना गोळी लागत नाही, खाणंपिणं सांभाळायचं आणि मोजत राहायचं. वरचा एकशे चाळीसला पोचला किंवा खालचा नव्वदला, आणि वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तसाच राहिला, तर तो उच्च. काही देशांत तर एकशे तीसपासूनच उच्च धरतात. दोन आकडे दोन गटांत पडले तर जो वाईट गट तोच खरा. वरचा चांगला आहे म्हणून खालच्याला माफी नाही. आणि या सगळ्यात वय मिळवायला कुठेही जागा नाही.

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, लक्ष देऊन ऐकत आहेत.

"खालचा काय कामाचा? त्याचं नाव कुनी घेत न्हाई," ते म्हणाले. "माझ्या डॉक्टरनं हजारो माणसं बरी केली, पोरी. तू कालची."

काकू आतून म्हणाल्या, "जाऊ दे बाई. बिघडलं तर ह्येच उचलत्याल मला."

"मला काहीच होत न्हाई," असंही त्या म्हणाल्या. डोकं दुखत नाही, चक्कर नाही. बीपीचं हेच वाईट असतं, बहुतेक वेळा तो कळूच देत नाही. मी नांदेडला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, बाबांना त्यातलं कळतंय. मी काय बोलू?" मी गोळ्या काकूंच्या हातात देऊन आले. त्या गोळ्या पुढे फडताळात तशाच राहिल्या, हे मला नंतर दिसलं.

तूर काढायचे दिवस होते. सकाळी काकू भाकरी थापत होत्या आणि थापता थापता कलंडल्या. शेजारणीने मला हाक मारली. मी गेले तेव्हा तव्यावरची भाकरी जळत होती. काकूंचं तोंड डावीकडे ओढलं होतं, उजवा हात पिठात पडला होता, आणि बोलायला गेलं की नुसता घोगरा आवाज येत होता. काका त्यांचं मनगट धरून बसले होते. पाऱ्याची पेटी समोर उघडी होती.

"दोनशेच्या वर हाय," ते म्हणाले. "दोनशेच्या वर."

माझ्या मशीनवर दोनशे दहा आणि एकशे चोवीस आला. मी काकूंना कुशीवर वळवलं, तोंडात पाणीसुद्धा घालू दिलं नाही, आणि १०८ ला फोन केला. लातूरला पोचेपर्यंत ॲम्ब्युलन्समध्ये काका माझ्यासमोरच्या बाकावर बसून होते. एकदाच म्हणाले, "त्रेसष्ट अधिक शंभर." पुढची बेरीज त्यांनी केली नाही.

मेंदूत डाव्या बाजूला रक्तस्राव झाला होता. वॉर्डातल्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी बीपी होता का? किती असायचा?"

"एकशे साठच्या आसपास," काका म्हणाले.

"आणि खालचा?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी आकडे सांगितले. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर ते म्हणाले, "मला नीट ऐकू येत न्हाई गं. समोरच्याचं बोलणं ओठांवरनं वळखतो. लई सालं झाली. उदगीरला असतानाच कान गेले. नळीतला ठोका ऐकल्याबिगर खालचा आकडा कळत न्हाई. वरचा तेवढा मनगटावर कळतो. नाडी परत लागली की पारा बघायचा."

हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. पट्ट्याचा दाब सोडत असताना मनगटावर नाडी परत लागते, तिथे अंदाजे वरचा आकडा मिळतो, तोही बऱ्याचदा थोडा कमीच. खालच्यासाठी ठोक्याचा आवाज कुठे बंद होतो ते ऐकावं लागतं. म्हणजे त्या पारावर आमच्या गावाचा खालचा आकडा इतकी वर्षं कुणी मोजलाच नव्हता. कानातली नळी नुसती लोकांना दिसावी म्हणून होती. आणि हे घरात एकीला माहीत होतं. ती ते रोज उघड बोलत होती, आणि आम्ही हसत होतो.

काकू वाचल्या. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजतं मात्र सगळं.

काकांनी पार सोडला. लोकांना ते माझ्याकडे पाठवतात, तरी काही जण अजून आकडा ऐकून स्वतःच बेरीज करतात आणि गोळी न घेता परत जातात.

दर मंगळवारी मी काकूंचा बीपी मोजायला जाते, डाव्या दंडावर. परवा गेले तेव्हा एकशे बत्तीस आणि चौऱ्याऐंशी आला. मी मशीन काकांकडे वळवलं. त्यांनी आधी खालचा आकडा वाचला, मग वरचा.

"म्हंजी नॉर्मल?"

मी नाही म्हणून मान हलवली आणि बोटाने दाखवलं, थोडा वर. पण आटोक्यात.

काकांनी ते आकडे परत एकदा वाचले. मग म्हणाले, "तवा गोळी बंद केली नसती, तर हे झालं नसतं का?"

मी हळूच म्हणाले, "खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही, काका. पण बहुतेक टळलं असतं."

त्यांनी हात कानामागे धरला. "काय म्हनलीस?"

काकूंनाही ऐकू जाणार हे ठाऊक होतं, पण त्या खोलीत दुसरा कुठला मार्ग नव्हता. मी मोठ्याने, एकेक शब्द तोडून, तेच परत सांगितलं.

काकांना ते ऐकू आलं. खाटेवर काकूंनाही आलं. त्यांनी डावा हात पट्ट्यातून ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. काकांनी गोळी आणि पाण्याचा चमचा घेतला, पलीकडे जाऊन भिंत आणि खाटेच्या मधल्या सांदीत कसेबसे बसले. काकूंनी ओठ मिटून ठेवले होते. काका चमचा धरून थांबले. पाणी उशीवर सांडलं, त्यांनी चमचा परत भरला.

बऱ्याच वेळाने काकूंनी तोंड उघडलं.