महरूम आणि मरहूम

बिदरच्या जुन्या शहरात वदूद मास्तरांना लग्नाची आमंत्रणं फार येत नसत, आणि त्याचं कारण एक प्रश्न होता.

मास्तर उर्दू शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले. तेव्हापासून फतव्याच्या दफ्तरात खिडकीजवळच्या बैठ्या मेजाशी बसून ते वारसांचे हिस्से काढून देत. माणूस गेला, की चाळीसाव्या दिवसानंतर घरचे लोक तिथं यायचे. मास्तर आधी विचारत, कोण गेलं? मग विचारत, मागं कोण कोण आहे? आणि तिसरा प्रश्न, टाक खाली ठेवून, "मौत कोणाच्या हातून?"

लोक भडकायचे. "अल्लाहच्या हातून, आणखी कोणाच्या!" असं म्हणून कित्येक जण उठून गेले होते. बायको म्हणायची, "अहो, हार्टनं गेलेल्या माणसाच्या मुलांना असलं विचारता, तुमच्या मय्यतीला तरी कोण येईल?" मास्तर हसायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारायचे. एकदाच त्यांनी तो गिळला होता. गेलेला त्यांचा दोस्त होता, समोर त्याची मुलं होती, जीभ रेटली नाही. दोन वर्षांनी खरं कळलं, की तो त्या मुलांपैकीच एकाच्या हातून गेला होता; तोवर घर विकून झालं होतं. त्या कागदावरचं अक्षर आपलं होतं हे मास्तर कधी विसरले नाहीत.

त्या सोमवारी झुलेखाबी आली, मागून तिचा एकुलता मुलगा नसरू. बिदरी काम करणाऱ्या मोईजसाहेबांची ही बायको. मोईजसाहेब दीडेक महिन्यापूर्वी आपल्याच अंगणात मालाच्या टेम्पोखाली सापडून गेले, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं होतं.

"मागं मी, हा नसरू, आणि हुमनाबादला दिलेली तस्कीन," झुलेखाबी भडाभडा म्हणाली. "नसरूचं एक पोरगं आहे, दोन वर्षांचं. राहतं घर आणि कारखाना, बस. एवढं लिहून द्या मास्तरसाब."

हिशेब सोपा होता. चोवीस भाग करायचे, तीन बायकोचे, चौदा मुलाचे, सात मुलीचे. नातवाला काही नाही, कारण त्याचा बाप हयात. मास्तरांच्या डोक्यात आकडे केव्हाच मांडून झाले होते. तरी त्यांनी टाक खाली ठेवला.

"मौत कोणाच्या हातून, बीबी?"

झुलेखाबीची तयारी होती. "कोणाच्याच नाही. टेम्पो उतारावर उभा होता. आपोआप घरंगळला. हे मागं उभे होते, नशीब."

बाईनं कुणाला तरी विचारलेलं दिसत होतं. इथंच तर सगळी मेख होती. उभी करून ठेवलेली गाडी घरंगळली आणि माणूस दगावला, तर गाडी लावणारा निमित्त ठरतो, त्याचा वाटा जात नाही. पण चालवणाऱ्याच्या हातून गेला, मग चुकून का असेना, तर मारणारा मेलेल्याचा वारस होत नाही.

"गाडी कोणी लावली होती?" मास्तरांनी नसरूकडे बघून विचारलं.

"ड्रायव्हरनं," झुलेखाबी म्हणाली.

"मी ह्याला विचारतोय."

"तो काय सांगणार, त्याचं डोकं ठिकाणावर आहे का! जेवत नाही, कारखान्याचं कुलूप काढत नाही."

"बीबी," मास्तर जरा तापले, "पस्तीस वर्षं पोरं शिकवली मी. ज्याचं उत्तर त्यानं द्यायचं. शेजारच्यानं सांगितलं तर दोघांनाही शून्य."

झुलेखाबीनं ओढणीचा पदर तोंडात धरला. नसरू चाळिशीचा, दांडगा माणूस. चांदीची तार बसवून बसवून बोटांची टोकं काळी पडलेली. तो त्या बोटांकडेच बघत होता.

मास्तरांनी आवाज उतरवला. "बेटा, तेव्हा तुझा उजवा पाय कुठं होता?"

नसरूनं मान वर केली. इतक्या दिवसांत कुणी त्याला काही विचारलं नव्हतं. सगळे त्याला सांगतच होते, तुझा काय दोष, अल्लाहची मर्जी.

"अॅक्सिलेटरवर," तो म्हणाला.

"नसरू!"

"अम्मी, असू दे. मीच चालवत होतो, मास्तरसाब. हैदराबादचा माल भरायचा होता, म्हणून गाडी दारापर्यंत मागं घेत होतो. अब्बा मागून हात मारून सांगत होते, येऊ दे, येऊ दे. मग आवाज थांबला. मला वाटलं अजून जागा आहे."

मास्तरांना त्या क्षणी आपल्या प्रश्नाचा मनापासून राग आला. या माणसानं वीस वर्षं बापाच्या बरोबरीनं कारखाना चालवला होता, आणि आपण आता एका ओळीत त्याला बाहेर काढणार.

झुलेखाबी पुढं सरकली. "मुद्दाम केलं का त्यानं? बापासाठी जीव टाकायचा पोरगा! आणि तस्कीनही म्हणते, भाईजानचंच लिहा."

"मुद्दाम नाही, हे मलाही दिसतंय. पण मनातलं अल्लाहला दिसतं बीबी, कागदाला हात दिसतो. मनं चाचपत बसलो, तर उद्या प्रत्येक जण चुकलो म्हणेल. आपापला वाटा ताब्यात आला, की तस्कीननं खुशीनं द्यावं, तुम्ही द्यावं. ती भेट होईल, कोण अडवतो? पण वारसा म्हणून ह्याला मी लिहू शकत नाही."

त्यांनी टाक उचलला. नसरू जणू नाहीच असं धरलं, की मांडणीच पालटत होती. तीन झुलेखाबीचे, बारा तस्कीनचे, उरलेले नऊ त्या दोन वर्षांच्या नातवाचे. बाप असून आड येत नव्हता. नसरूच्या नावापुढं त्यांनी एकच शब्द लिहिला आणि रिवाजाप्रमाणे सगळा कागद मोठ्यानं वाचला. "नसरुद्दीन वल्द मोइजुद्दीन, महरूम."

झुलेखाबीला वाचता येत नव्हतं. शब्द कानावर पडला आणि ती किंचाळली. "मरहूम? माझ्या जित्या पोराला मरहूम लिहिलं? तोंडात किडे पडोत तुमच्या! एक गेला तो पुरला नाही का!"

"बीबी, ऐका..."

"मेलेला लिहिलंत तुम्ही त्याला!"

मास्तर उठून मेजाच्या या बाजूला आले आणि गुडघे कुरकुरत असताना तिच्यासमोर जमिनीवर बसले. कागदावर आधी एक बोट ठेवलं, मग दुसरं. "हे इथं मोईजसाहेब. मरहूम. अल्लाहला प्यारे झाले. आणि हे इथं नसरू. महरूम. म्हणजे ज्याला मिळालं नाही तो. एवढाच फरक आहे बीबी, एका अक्षराच्या जागेचा. पण तुमचा पोरगा जिवंत आहे. मेलेल्याला महरूम कोण लिहील?"

तिनं कितीतरी वेळ त्या दोन शब्दांकडे पाहिलं. नसरू रडत होता, आवाज न करता, आणि मास्तरांना वाटलं, हा आज पहिल्यांदाच रडतोय.

"वाटा गेला, मास्तरसाब," तो म्हणाला. "त्याचं मला काही नाही. पण मी करू काय? कुणी सांगतच नाही, काय करू."

"हं, ते सांगायला मुफ्तीसाहेब आहेत. पण मला ठाऊक आहे ते ऐक. चुकून कुणाचा जीव गेला, तर रोजे धरायचे. दोन महिने, सलग. मध्ये एक जरी सुटला, तर पुन्हा पहिल्यापासून."

नसरूनं डोळे पुसले. त्याचे खांदे किंचित सैल झाले, कुणीतरी उचलण्याजोगं वजन हातात द्यावं तसे. मास्तरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. रमजान आणि दोन्ही ईद लांब होत्या, रोज्यांत खंड पडणार नव्हता.

झुलेखाबी उठली. ओढणी सारखी केली. दाराशी जाऊन थांबली. आतापर्यंत ती म्हणत आली होती, टेम्पो आपोआप घरंगळला.

"मास्तरसाब," ती म्हणाली, "उद्या पहाटे सहेरीचं खाणं किती वाजता आटपायचं? ह्याला मेल्याला जाग येत नाही. मलाच उठवावं लागेल."