हर्षालीने ऑक्टोबर आधीच मागितला

सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिपची, म्हणजे तीन वर्षांच्या उमेदवारीची, मुलाखत द्यायला गेलेलं पोर एरवी कितीही बोलकं असो, रजेचा विषय निघाला की त्याची दातखीळ बसते. फैजपूरच्या हर्षाली फिरकेचंही तेच झालं.

मुलाखत चांगली रंगली होती. जळगावातल्या त्या ऑफिसचे भागीदार झंवर सर. दोन बँका, एक सूतगिरणी, शिवाय केळीचे बडे व्यापारी, एवढं काम त्यांच्या हाताखाली. तीन वर्षं तिथे घासली की पोर सोन्यासारखं होऊन निघतं असं गाव म्हणायचं. सीए इंटरच्या परीक्षेतला हर्षालीचा पहिला ग्रुप मे महिन्यात निघाला होता, दुसरा एकूण बेरजेत थोडक्यात गेला होता. सरांनी जीएसटीचं विचारलं, तिने सांगितलं. टॅली विचारलं, तेही सांगितलं. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"नोव्हेंबरला दुसरा ग्रुप देणार ना?"

"हो सर."

"मग अभ्यासाची रजा?"

आता हिने सरळ सांगायला काय हरकत होती? पण नाही. तोंडातून निघालं, "त्याचं काय सर, बघू नंतर. आधी काम."

सर नुसतं "हं" म्हणाले. बाहेर येऊन चप्पल घालताना हर्षालीला वाटलं, आपण आत्ता काय बोलून बसलो! सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिटची धांदल, आणि ती संपते न संपते तोच परीक्षा तोंडावर. महिनाभर बसल्याशिवाय हा ग्रुप निघणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि एकदा का ऑफिसच्या रेट्यात सापडलं की दुसरा ग्रुप पुढे पुढे ढकलला जातो, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. खोलीतच राहत होतं ना उदाहरण.

ते उदाहरण म्हणजे प्रणिता. जळगावात हर्षालीच्याच खोलीत राहायची आणि दीड वर्षापासून झंवर सरांकडेच आर्टिकलशिप करायची. मुलाखतीचं सगळं ऐकून ती हसत सुटली.

"अगं वेडे, बरोबरच बोललीस! मुलाखतीत रजेचं नाव काढायचं नसतं. ऑक्टोबर आला की आई आजारी पाडायची. आमच्या ऑफिसात दरवर्षी ऑक्टोबरात निम्म्या आया दवाखान्यात असतात."

"आणि तुला किती रजा मिळाली गेल्या वर्षी?"

"आठ दिवस," प्रणिता म्हणाली आणि तिचं हसणं जरा उतरलं. "आठ दिवसांत काय होतंय डोंबल? गेला ग्रुप."

संध्याकाळी हर्षालीने घरी फोन लावला. तिचे पप्पा वीज मंडळात लाइनमन. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "हे बघ, आम्ही खांबावर चढायच्या आधी विचारतो, लाइन बंद केली का म्हणून. वर गेल्यावर विचारून उपयोग नसतो बाई."

"पण पप्पा, त्यांनी नाही म्हटलं तर? दुसऱ्या चांगल्या ऑफिसांतल्या जागा भरल्यात."

"तर खाली उभी राहशील. शॉक तर नाही ना लागणार!"

मग तिने मेल लिहायला घेतला. मुलाखतीनंतर आभाराचा मेल पाठवायचाच असतो, त्यातच घालायचं ठरलं. चार वेळा लिहिला, चार वेळा पुसला. शेवटी मजकूर उरला तो असा: वेळ दिल्याबद्दल आभार. सूतगिरणीच्या कामाबद्दल ऐकून तुमच्याकडेच शिकायची इच्छा पक्की झाली. मात्र रजेच्या प्रश्नाला मी नीट उत्तर दिलं नाही, त्याबद्दल क्षमस्व. रुजू झाल्यापासून तीस सप्टेंबरपर्यंत सुट्टीच्या दिवशीही मी पूर्ण वेळ येईन. पाच ऑक्टोबरपासून परीक्षा संपेपर्यंत मला अभ्यासाची रजा लागेल. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी कामावर हजर होईन. हे चालणार नसेल तर तसं कळवावं, माझी काही तक्रार नाही.

"झालं! पाडून घेतलास पायावर धोंडा," प्रणिताने कपाळावर हात मारला.

दोन दिवस काही उत्तर नाही. फोन वाजला की हर्षाली झडप घालायची, आणि निघायचा तो रिचार्जवाल्यांचा. तिसऱ्या दिवशी झंवर सरांचाच आला. "ये ऑफिसला. मूळ गुणपत्रकं घेऊन ये."

गेली. सरांच्या टेबलावर तिचा मेल छापून ठेवला होता, त्यावर पेन्सिलीच्या खुणा.

"ऑडिटची मुदत वाढली तर? बहुतेक वर्षी वाढते ती."

हा विचार तिने केलाच नव्हता. पण आता मागे सरून काय मिळणार होतं?

"तरी मी पाचला जाईन सर. पण माझ्याकडच्या फाइली मी वीस सप्टेंबरलाच तुमच्या सहीसाठी ठेवीन. ज्या पुऱ्या होणार नाहीत, त्या घेणार नाही."

"दोन महिन्यांच्या कामावर रजा जमते कशीबशी दहा दिवसांची. वरचे दिवस तीन वर्षं संपल्यावर भरून द्यावे लागतील, माहीत आहे?"

"वाचलंय सर. देईन भरून."

सर खुर्चीत मागे रेलले. "बेटा, आधी सांगणाऱ्याची सोय लावता येते. तुला ऑगस्टपासूनच व्यापाऱ्यांची छोटी ऑडिटं देतो, ती लवकर उरकतात. सूतगिरणी डिसेंबरात बघ. आणि मला सांग, हे मुलाखतीतच का नाही बोललीस?"

हर्षालीची नजर काचेपलीकडे गेली. तिथे आर्टिकलशिपच्या पोरांची रांग मान खाली घालून व्हाउचर तपासत होती, निदान तसं दाखवत तरी होती.

सरांनीही तिकडे पाहिलं. उठले, दार उघडलं. "नोव्हेंबरला कोण कोण बसतंय रे? आत्ताच सांगा. रजा लावून देतो, रागावणार नाही."

मग कोपऱ्यातून एक हात वर आला. प्रणिताचा. तिच्या मागून आणखी दोन.

"प्रणिता! दीड वर्ष झालं तुला इथे, एकदाही बोलली नाहीस?"

प्रणिता उभी राहिली. "सर, मुलाखतीत तुम्ही रजा लागेल का विचारलं होतं. तेव्हा नाही म्हटलं, म्हणून तर जागा मिळाली, असं मला वाटायचं. तुमच्याकडे रजा मागणाऱ्याला घेत नाहीत, असं बाहेर सगळे सांगतात."

झंवर सर दारातच उभे राहिले. माणूस काही वाईट नव्हता हो. पण आपल्याबद्दल गावात काय बोललं जातं, हे मोठ्या खुर्चीतल्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं. त्यांनी चष्मा पुसला, नाकावर ठेवला, परत काढून पुसला.

"असं सांगतात होय," ते म्हणाले.

मग आत येऊन त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि टेबलावर पसरलं. "या सगळे. खुर्च्या घेऊन या. चौघं एकदम गेलात तर मी एकटा काय फाइलींची माळ जपत बसू? कुणाचं काम कुणाकडे द्यायचं, ते आजच ठरवू."

खुर्च्या ओढल्या गेल्या. हर्षाली उठून दाराकडे वळली. ती अजून तिथली नव्हती ना!

"तू कुठे निघालीस?" सर म्हणाले. "बस. सगळ्यांत आधी तुझाच ऑक्टोबर लिहायचाय."

प्रणिताने बाजूला सरकून तिला जागा करून दिली.