मेलात लिहिलेला अर्धा तास

माझा मुलगा नगरच्या एमआयडीसीत, एका कारखान्यात, खोकी नेणाऱ्या चालत्या पट्ट्यात अडकून वारला. कंपनीने सांगितलं, शर्टाची बाही मोकळी सोडली होती, चूक त्याचीच. मला ते पटत नव्हतं. पण ती जागा मी पाहिलेली नव्हती. न पाहता भांडायचं कशावर?

सुनेने मोबाईलवरून कंपनीला मेल केला. वर विषय लिहिला, 'अपघातस्थळाची पाहणी'. उत्तर आलं, प्रकरण वकिलांकडे आहे, परवानगी देता येत नाही.

"पाहणी सरकारी साहेब करत्यात," मी म्हणाले. "कंपनीवाले बिचकणारच."

"मग काय लिहू, आत्या? सहल?" सुनेने विचारलं.

"खरं लिही. आई हाय, पोराची कामाची जागा बघायची हाय."

"किती वेळ? दहा मिनिटं टाकते. लगेच हो म्हणतील."

"अर्धा तास टाक."

"आणि सोबत काय आणणार, तेबी लिहावं लागंल."

"आपण दोघी. झेंडूची फुलं, एक मेणबत्ती. वकील न्हाई, फोटो न्हाई. दिवस तुमच्या सोयीचा सांगा म्हणावं."

घरात बुद्धासमोर लावतो तशी मेणबत्ती तिथं लावावी, एवढंच माझ्या मनात होतं.

या वेळी होकार आला. अर्धा तास मंजूर. आधार कार्ड आणा, बंद बूट घाला, मोबाईल गेटवर ठेवा. फुलं चालतील, मेणबत्ती नाही. आत तेल आणि पुठ्ठा असतो. ते बरोबरच होतं, मी वाद घातला नाही. आमच्या भिंगारातल्या शेजारणीचे कॅनव्हासचे बूट मागून घेतले. ते बोटांना चावत होते.

गेटवर आधार कार्डं पाहिली, डोक्यावर हेल्मेट दिलं. सेफ्टीचा साहेब मुलाच्याच वयाचा होता.

"आजी, पदर घट्ट खोचा. पट्टा ओढून घेतो."

मी खोचला.

पट्टा चालू होता, वरून खोकी पुढं सरकत होती. पट्टा जिथं फिरत्या रुळावर वळतो तिथं पिवळी जाळी लावलेली. बाकी सगळं यंत्र तेलाने काळं पडलेलं आणि जाळीचा रंग मात्र नवा कोरा.

"ही जाळी कधी बसवली?"

तो सुनेकडे पाहू लागला. "आजी, मेलमध्ये तुम्ही फक्त जागा बघायची म्हणून लिहिलंय."

"जागाच बघतेय. जाळी जागेवरच हाय ना?"

सुनेने माझा दंड धरला. थोड्या वेळाने साहेबाने घड्याळ पाहिलं.

"झालं ना आजी? चला."

"अर्धा तास लिहिलाय. तुमीच हो म्हणालात."

फुलं जाळीपासून लांब, जमिनीवर ठेवली आणि तिथंच उभी राहिले. बूट चावत होते. जाळीच्या आत रूळ फिरत होता.