बंद म्हणजे चालू

मी मराठीत एम.ए. झाले आणि राजापेठेतल्या एका शिकवणीत दहावीच्या पोरांना व्याकरण शिकवू लागले, त्या वर्षीची ही गोष्ट. अकोल्याजवळ सूतगिरणीचं बांधकाम सुरू होतं. तिथल्या साहेबांना विजेच्या कामाचे सुरक्षा नियम इंग्रजीतून मराठीत हवे होते. चाळीस पानं नियम, वर सव्वीस पाट्या. माझ्या वडिलांच्या ओळखीतून ते काम माझ्याकडे आलं. माझं पहिलं भाषांतर, आणि तेही छापलं जाणार, म्हणून मी हरखून गेले होते. रात्रंदिवस शब्दकोश मांडीवर. ब्रेकरला मी ‘परिपथ-विच्छेदक’ म्हटलं आणि तो शब्द इतका आवडला की आईलाही मोठ्यानं वाचून दाखवला. आई म्हणाली, छान आहे, पण तो खायचा असतो की लावायचा?

घरी आम्ही अस्सल वऱ्हाडी बोलणारी माणसं. पण कागदावर उतरायचं म्हटलं की मी नऊवारी नेसून उभी राहायचे.

पानं छापून गेल्यावर आठवडाभरात साहेबांचा फोन आला. ते पुण्याचे होते, बोलणं मोजूनमापून. नियम कामगारांना समजावून सांगायला मीच आले तर बरं, असं ते म्हणाले. मी सकाळची अकोल्याची बस धरली. जागेवर एका बाजूला जुनी दगडी कापूस-प्रेस होती. अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस थांबला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची. तिच्या सावलीत शंभरेक माणसं बसली होती. सेंटरिंगचे सुतार बिहारचे, गवंडी आजूबाजूच्या गावांतले, आणि माती-गिट्टी वाहणारी टोळी परतवाड्याच्या पुढची, मेळघाटातली. त्या टोळीची मुकादम एक बाई होती. आपसात ती कोरकू बोलायची आणि आमच्याशी वऱ्हाडी. तिला सगळे ताई म्हणत. समोर, उलट्या केलेल्या घमेल्यावर, पन्नाशीचे वायरमन बसले होते. त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे.

मी पहिली पाटी वर धरली. तिच्यावर लाल अक्षरांत ‘धोका’ असं लिहिलं होतं, खाली कवटी. मागून एका सुतारानं विचारलं, “किसने धोका दिया?” आणि बिहारच्या सगळ्या रांगा हसल्या. हिंदीत धोका म्हणजे फसवणूक, हे मला ठाऊक होतं. पाटी लिहिताना मात्र ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कवटी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका पेंटरनं काढली होती. त्यानं तिला इतके सुंदर दात दिले होते की ती आत्ताच कडुनिंबाची काडी चावून आल्यासारखी दिसत होती. तिला बघून कोणी घाबरणार नव्हतं.

मग मी वाचलं, “विद्युत्-आघातग्रस्त व्यक्तीस स्पर्श करणे वर्ज्य.”

ताईनं शांतपणे विचारलं, “कावून? सुतक आहे का त्याले?”

आता मीही हसले. हसायचं नव्हतं, पण आवरेना. साहेब एका बाजूला उभे होते, त्यांनी चष्मा पुसायला काढला. मी घाईघाईनं पुढच्या पानावर गेले. तिथं नववा नियम होता. पूर्ण पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणून मी तो जाड ठशात छापायला सांगितला होता: ‘काम आरंभण्यापूर्वी विच्छेदक उघडा असल्याची खात्री करावी. विच्छेदक बंद असताना कदापि काम करू नये.’

मिस्त्रींनी हात वर केला. ते हसत नव्हते. घमेल्यावरून उठून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, “मॅडम, हे उलटं आहे.”

मी म्हटलं, इंग्रजीत तसंच आहे. ब्रेकर ओपन असला की काम करायचं, क्लोज असला की नाही.

“इंग्रजीत बराबर आहे,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांना जोडून गोल केला. “हे क्लोज. गोल जुळला, लाईन पास झाली. हे ओपन.” बोटं अलग केली. “मधात खंड पडला, लाईन तुटली. म्हनून इंजिनेर लोक चालू असलेल्याले क्लोज म्हनतात. पन तुमी लिवलं बंद. आता हा गवंडी बंद कशाले म्हनते? पंखा बंद, मोटर बंद. म्हनजे तुमच्या कागदानं त्याले काय सांगितलं? बंद असताना काम करू नको. आनं उघडा कसा? नळ उघडला का पानी येते न.”

मला ते कळायला दोनेक क्षण लागले. पुस्तकातल्या सगळ्यात जाड अक्षरांत मी माणसांना सांगितलं होतं की आधी लाईन चालू करा आणि मग तारेला हात घाला. शंभर प्रती छापल्या होत्या. मी साहेबांकडे गेले आणि सरळ सांगून टाकलं. त्यांनी ते पान पुन्हा वाचलं, आणि स्वतः रांगांतून फिरून वाटलेल्या प्रती परत गोळा करू लागले. मी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. एका गवंड्यानं त्याची प्रत घडी करून डब्याखाली ठेवली होती, तीही घेतली. शंभर मोजून झाल्या तेव्हा मिस्त्रींनी चहा मागवला.

माझ्याकडून काम काढून घेतील असं वाटलं होतं. साहेब म्हणाले, आठ दिवस इथंच येऊन करा, मिस्त्रींच्या शेजारी बसून. ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत वेड्या आनंदाचे. भीती उतरली की माणसाला जे हलकं वाटतं, ते मला रोज सकाळी बसमध्येच चढायचं.

आम्ही प्रेसच्या ओट्यावर बसायचो. मी इंग्रजी वाक्य वाचून अर्थ सांगायचे, मिस्त्री ते करून दाखवायचे, आणि ताई दुपारच्या सुटीत येऊन ते आपल्या शब्दांत म्हणायची. तिला जे म्हणता यायचं नाही ते कापायचं, असा करार. विच्छेदक गेला, ब्रेकर आला. पृथ्वीसंपर्क गेला, अर्थिंग आली. ‘जिवंत वाहिनी’वर ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. ती म्हणाली, चावते का मग ते? मिस्त्री म्हणाले, चावतेच न. तरी आम्ही ‘चालू लाईन’ असंच ठेवलं. ओपन आणि क्लोज या दोन्ही शब्दांना हद्दपार केलं. चाळीस पानांत स्विचसाठी फक्त दोनच शब्द उरले, चालू आणि बंद. मी ‘खटका खाली करा’ असं सुचवलं होतं, ते मिस्त्रींनी तोडून टाकलं. स्विचची एक तात्पुरती पेटी कोणीतरी आडवी बसवली होती, तिथं वर-खाली असं काही नव्हतंच.

नववा नियम असा झाला: मेन बंद करा. कुलूप लावा. किल्ली स्वतःच्या खिशात. पाटी अडकवा. टेस्टर आधी दुसऱ्या चालू लाईनवर लावून बघा, तो चांगला आहे ना. मग आपल्या लाईनवर, तिथं दिवा लागायला नको. मग परत चालू लाईनवर. तेव्हाच हात घाला. टेस्टर दोनदा तपासायचा कशाला, असं मी विचारलं. मधेच मेला तर, असं मिस्त्री म्हणाले, बंद टेस्टर सगळ्याच लाईनी बंद दाखवते.

सुतकाचा नियमही सुधारला. करंट लागलेल्या माणसाला हात लावू नका, तुम्हीही चिकटाल, आधी मेन बंद करा. धोक्याखाली खतरा आला. पेंटरकडे मी स्वतः मोर्णा नदी ओलांडून गेले आणि कवटीचे चार दात पाडायला सांगितले. तो दुखावला, पण त्यानं पाडले.

एक नियम इंग्रजीत नव्हताच. दसरा तोंडावर आला होता. मिस्त्रींनी सांगितलं, खंडेनवमीला माणसं पेटीची पूजा करतात, हळदकुंकू लावतात आणि नारळ तिच्यावरच फोडतात. चारशे पंधरा व्होल्टवर नारळाचं पाणी. आम्ही लिहिलं: पूजा करा, पण मेन बंद करून, पेटीच्या बाहेरून; नारळ दहा पावलं लांब फोडा. साहेबांनी त्याखाली लाल रेघ मारली, मूळ प्रतीत हे नाही म्हणून. मी म्हटलं, मूळ प्रत लिहिणाऱ्यांकडे दसरा नसेल. ते खिडकीकडे वळले. खांदे हलत होते म्हणून कळलं, हसत होते. रेघेवर त्यांनी स्वतः पांढरी शाई लावली.

कुलपासोबतच्या पाटीवर मात्र आमचं वाजलं. मी आधी लिहिलं होतं, ‘कार्य प्रगतिपथावर’. मग ‘थांबा. माणूस लाईनवर आहे’ असं केलं. ताई म्हणाली, कोनाचा मानूस? आणि पाटी झाली, ‘थांबा. तुमचा भाऊ लाईनवर आहे. चालू करू नका.’ खाली लावणाऱ्याच्या नावाला रिकामी जागा, काढायचीही त्यानंच. साहेबांना हे नाटकी वाटलं. सुरक्षेच्या पाटीवर नाती कशाला, असं ते म्हणाले. मिस्त्रींनी एवढंच विचारलं की कुलूप कमी पडलं आणि नुसती पाटीच असली, तर खटका दाबणारा कशानं थांबेल. साहेबांनी सही केली.

शेवटच्या दिवशी आम्ही लाईन नसलेली एक रिकामी पेटी अंगणात ठेवली आणि एकेकाला बोलावलं. वाचून दाखवायचं नाही, करून दाखवायचं. न वाचणाऱ्यांना ताईनं आदल्या दिवशी कोरकूत सांगितलं होतं. मला शब्द कळले नाहीत, पण तिचे हात कळले: खटका, कुलूप, खिसा, पाटी, टेस्टर तीनदा. म्हातारा गिट्टीवाला आला, त्यानं सगळं बिनचूक केलं, आणि किल्ली खरंच खिशात घालून घरी निघाला. त्याच्यामागे आम्ही धावलो.

महिन्याभरानं मी उरलेल्या पाट्या द्यायला गेले, त्या दिवशी मिस्त्री वरच्या मजल्यावर तारा ओढत होते. मेन बंद होतं. तात्पुरत्या पेटीला कुलूप बसेना, कडी वाकली होती, म्हणून खाली एक माणूस उभा करून नुसती पाटी अडकवली होती. तो माणूस पाणी प्यायला गेला. तेवढ्यात एक गवंडी कटर चालवायला लाईन मागत आला. नवाच होता, आमच्या शिकवणीला बसलेला नव्हता. मी वीस पावलांवर होते. त्यानं खटक्याकडे हात नेला, पाटी हातात धरली, ओठ हलवत वाचली, आणि हात मागं घेतला. खाली खडूनं लिहिलेलं नाव पुसलं गेलं होतं. मग मान वर करून ओरडला, “कोन आहे वो वरते?”

वरून मिस्त्रींचा आवाज आला, “मी आहे.”

“मंग करा निवांत. मी बसून राहिलो इथं.” आणि तो विटांच्या थप्पीवर बसला.

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. विचारलं, कशानं थांबलात? त्याला प्रश्नच कळला नाही. भाऊ लिवलं आहे न त्याच्यात, तो म्हणाला. त्याच दुपारी कडी सरळ झाली, आणि मेन बंद असताना जागा सोडायची नाही हे पाणी प्यायला गेलेल्या माणसाला साहेबांनी चांगलंच ऐकवलं.

संध्याकाळी मिस्त्री स्वतः खाली आले, टेस्टर खिशात घातला, पाटी काढली, सगळे बाजूला झाल्याची खात्री केली आणि मेन चालू केलं. पूर्ण शेडमधले दिवे एकदम लागले. कोणीतरी शिट्टी मारली, ताईच्या टोळीनं टाळ्या पिटल्या, आणि मी कशासाठी हसतेय हे न कळता हसत सुटले. बस चुकली. पुढची दीड तासानं होती, तोवर ताईनं मला तिच्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा दिला.