वाऱ्याआडचा अर्धा तास

पडदेवाले काका आमच्या सायकलच्या टोळीत आले तेव्हा मी स्पष्टच विरोध केला होता. टोळी माझी. म्हणजे कॅप्टन मी. आठवडाभर लोकांच्या दातांच्या कवळ्या घासत बसायचं आणि रविवारी कालव्याच्या रस्त्यानं सायकल हाणायची, एवढंच माझं सुख. त्यात हे साठी उलटलेले गृहस्थ, डोळ्यांवर जाड भिंग, सायकलच्या मागच्या कॅरिअरला दोरीनं बांधलेली पिशवी. म्हटलं, झालं! आता यांना सांभाळत बसा.

"मी पुढे येणार नाही हं," काकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "शेवटी राहीन. तुम्ही वारा खा, मी तुमच्या मागे लपतो. चालेल?"

असं तोंडावर कोण मागतं हो? पण माणूस हसलाच इतक्या अजिजीनं. "चालेल," म्हणाले मी. "पण मागे पडलात तर थांबणार नाही."

"थांबू नकोच. थांबलीस तर माझाच वेळ जाईल."

काका घराघरांतले पडदे शिवायचे. बाजारामागच्या गल्लीत एका खोलीचं दुकान, तिथेच कापडाच्या ठाणांमागे कॉट, कॉटशेजारी स्टोव्ह. मी एकदा माझ्या वर्कशॉपसाठी पडदा शिवून घ्यायला गेले होते. खोलीत दोन खुर्च्या होत्या, पण दुसरीवर कापडाचा ढीग इतका जुना झाला होता की वरच्या थरावर धूळ बसलेली. कुणी येऊन बसायचं म्हणजे आधी ढीग उचलावा लागणार. काकांनी तो घाईघाईनं उचलला आणि ठेवायला जागा सापडेना म्हणून मी असेपर्यंत मांडीवर घेऊन बसले.

त्या दिवशीच कळलं की हे रविवारी जातात कुठे. कालव्याच्या रस्त्याच्या त्या टोकाला, पासष्ट किलोमीटरवर, एक शुश्रूषागृह आहे. काकू तिथे असतात. विसरण्याचा आजार. भेटायला रविवारी सकाळी नऊ ते अकरा, बस! पहिली बस तिथे पोचते दुपारी. आणि काकांना अंधारात दिसत नाही, त्यामुळे नीट उजाडल्याशिवाय, म्हणजे सातच्या आत, निघता येत नाही.

"एकटा निघालो की दहा वाजून जातात," काका म्हणाले. "पाऊण तास मिळतो. तुमच्या मागे आलो की साडेनऊच्या सुमारास दारात. अर्धा तास जास्तीचा! विकत मिळतो का सांग असा अर्धा तास?"

आता सायकल न चालवणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांना वाटतं, पाय ज्याचे त्याचे, मग मागे राहून काय होतं? अहो, सपाट रस्त्यावर आपण पायांनी लढतो ते हवेशी. चढ नाही, उतार नाही, जरा वेग धरला की जोराचा मोठा हिस्सा हवा बाजूला सारण्यातच जातो. पुढचा ती हवा फोडतो, आणि त्याच्या पाठीशी चाकाला चाक लावून चालणाऱ्याला निम्म्याच्या आसपास कमी हवा सोसावी लागते. म्हणून एकटे काका ताशी एकवीसनं जायचे आणि तेवढ्याच दमात आमच्या मागे पंचवीसनं. समोरून वारा असला तर फायदा आणखी वाढतो. अशा दिवशी एकट्याचे हाल कुत्रा खाणार नाही, आणि आडोशाला असणाऱ्याचा पाऊण तास वाचणार.

पण अट एकच. पुढच्या चाकापासून हातभर अंतर. सायकलभर सुटलं की वारा लागतो, तीन सायकली सुटलं की संपलं. मग जीव तोडून पाय मारले तरी टोळी समोर दिसत राहते आणि हाताला लागत नाही. म्हणून आमचा एक नियम होता. वळण किंवा पूल गेला की शेवटच्यानं ओरडायचं, "लागलो!" म्हणजे मी चाकाला आहे, आता निघा. रांगेत कुणी मागे वळून बघत नाही. मान वळली की हँडल वळतं आणि सगळेच आडवे. समोरून वारा असेल तर मागचा आवाज पुढे पोचत नाही, म्हणून एक जण दुसऱ्याला सांगत "लागलो" पुढपर्यंत आणतो.

काकांचं "लागलो" ऐकायला मजा यायची. त्यात दर वेळी थोडं आश्चर्य असायचं, स्वतःचंच स्वतःला वाटल्यासारखं. पुढून कुणी वारा खाऊन मागे आलं की काका त्याला आपल्यापुढे जागा करून द्यायचे, "या या, बसा" म्हणायचे, घरी पाहुणा आल्यासारखे. पिशवीत काकूंसाठी दर वेळी काहीतरी असायचं. धुतलेला गाऊन, नखं कापायचं यंत्र, रेशमी कापडाचे तुकडे. काकूंना तुकडे हातात घेऊन चोळायला आवडायचं म्हणे.

हिवाळा संपत आला तसे काका गप्प होत गेले. "या, बसा" बंद झालं. मी विचारलं तर "काही नाही गं, दमतो हल्ली."

आणि मग तो वाऱ्याचा रविवार.

समोरून नुसता भणाणता वारा. कालव्याचं पाणी उलटं वाहतंय की काय असं वाटत होतं. मी मनाशी म्हटलं, आज काकांची चंगळ. एकटे निघाले असते तर अकरालाच पोचले असते. मोठ्या पुलानंतर आम्ही वळलो, मी पुढे होते. थांबून ऐकलं. मागून एकेकाच्या तोंडून आलं, "काका लागलेत!" मी वेग धरला. मग जावईबापूंची पुढे यायची पाळी आली. हा आमच्यातला सगळ्यांत दांडगा गडी. सासरी बसून खातो म्हणून नाव पडलंय. पुढे आला की याचे पाय शिवशिवतात. पुढे येणाऱ्यानं आहे तोच वेग राखायचा असतो, हे याला शंभरदा सांगून झालंय.

चौफुलीवरच्या चहाच्या टपरीशी पोचलो. सायकली टेकवल्या. काका नाहीत!

मी जावईबापूंवर अशी काही घसरले म्हणता! "तूच तोडलंस त्यांना! अक्कल गहाण टाकलीयेस का? त्या म्हाताऱ्या माणसाचं एकेक मिनिट..."

"अगं बाई, ते लागलो म्हणाले ना पुलानंतर!" तो बिचारा काकुळतीला आला. "मी तर आज हळूच होतो, विचार सगळ्यांना."

बाकीच्यांनी मान डोलावली. म्हणजे काहीतरी घडलंय. पडले असतील. कालव्यात गेले असतील. चहा तसाच टाकून मी उलटी निघाले. आता वारा पाठीशी, सायकल आपोआप पळत होती, आणि मी काठाकाठानं पाण्यात बघत होते.

सात-आठ किलोमीटरवर काका दिसले. धडधाकट. सायकल चालवत होते, पण अशी की चालणारा माणूस पुढे जाईल. मी वळून त्यांच्याशेजारी आले आणि जो काही तोंडाचा पट्टा सोडला! भीती वाटली की मी ओरडते, तो माझा स्वभावच आहे.

"लागलो म्हणालात ना? खोटं कशाला बोललात?"

"खोटंच बोललो," काका म्हणाले. "नाहीतर तू थांबली असतीस."

"मग थांबले असते! त्यासाठीच नियम आहे!"

काका तसेच हळूहळू पाय मारत राहिले. मी म्हटलं, "चला, माझ्या चाकाला लागा. अजून वेळ आहे. ओढून नेते तुम्हाला." आणि पुढे झाले.

ते चाकाला आलेच नाहीत. मी हळू केलं, तेही हळू झाले.

"पुढे नको गं. बाजूला चल."

बाजूबाजूनं चाललं की दोघांनाही पुरता वारा लागतो. कुणाचा कुणाला उपयोग नाही. पण मी बाजूला आले. काकांचे डोळे वाऱ्यानं की कशानं, वाहत होते.

"मला अकराच्या आधी पोचायचंच नाही," ते म्हणाले. "म्हणजे पोचायचंय. पण अगदी थोडं आधी. सिस्टर म्हणाल्या, फार वेळ बसू नका. परका माणूस समोर बसून राहिला की ती घाबरते. दाराकडे बघत राहते. पहिली पाच-दहा मिनिटं बरी जातात गं, कुणीतरी पाहुणा आलाय म्हणून नीट बोलते. मग सुरू होतं. गेल्या खेपेला तुमच्यामुळे दीड तास मिळाला. त्यातला तास मी बाहेर जिन्यात काढला."

आम्ही आठ जणांनी पाळ्या लावून, छाती फोडून या माणसाला वेळ मिळवून दिला होता, आणि तो वेळ त्याला जिन्यात बसून ढकलावा लागत होता.

"मग टोळीबरोबर येता कशाला?"

"पूर्ण रस्ता एकट्यानं काढवत नाही," काका म्हणाले. "तुमची पाठ दिसत असते."

पुढचं अंतर आम्ही तसंच काढलं, शेजारीशेजारी, वारा खात. चौफुलीवर मी टोळीला हातानंच जा म्हणून खुणावलं. शुश्रूषागृहाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा अकराला वीसेक मिनिटं होती. काकांनी रुमालानं तोंड पुसलं, केस नीट केले, पिशवी सोडली. मी सायकली धरून फाटकाबाहेर उभी राहिले. म्हटलं, अकराची घंटा होईपर्यंत थांबते.

घंटा व्हायच्या आतच काका बाहेर आले. पिशवी तशीच हातात.

"काय झालं? घाबरल्या का?"

"नाही नाही. आज छान होती. बसा म्हणाली. विचारलं, तुमचं इथे कोण असतं? मी म्हटलं, बायको." काका पिशवी कॅरिअरला बांधायला लागले, पण गाठ काही बसेना. मी दोरी हातातून घेतली.

"मग?"

"मग रागावलीच माझ्यावर. म्हणाली, अहो, मग माझ्याजवळ काय बसलात? ती बिचारी वाट बघत असेल. उठा, जा आधी तिच्याकडे."

"आणि?"

"उठलो," काका म्हणाले.