जाऊबाईंच्या बोलीतली शुक्रवारची पोस्ट

केडगावातल्या आमच्या घरगुती बेकरीची इन्स्टाग्राम पोस्ट दर शुक्रवारी जायची, सरकवत वाचायच्या सहा स्लाइडची. मजकूर जाऊबाई सांगायच्या, मी टाइप करायचे. त्यांचे नियम पक्के होते: उगाच गोडगोड बोलायचं नाही, फसलेला केकही दाखवायचा आणि शेवटच्या स्लाइडवर ‘खाऊन सांगा, बरं का.’

त्या आजारी पडल्यावर मी माझ्या मनाने लिहिलं, ते कोरडं झालं. त्या गेल्या, तेव्हा मात्र जुन्या पोस्ट समोर ठेवून मी हुबेहूब त्यांच्यासारखं लिहू लागले.

परवा एका जुन्या गिऱ्हाइकाने लिहिलं, ‘ताई, बऱ्या झालात वाटतं. बोलणं पहिल्यासारखं झालंय.’

स्वतःचाच संताप आला. त्या गेल्याची स्लाइड मी कधी टाकलीच नव्हती. ती त्यांच्या बोलीत कशी लिहायची?