जटायू आधी कसा मरेल?

“आदी काय झालं, मंग काय झालं?” असं विचारताना मावशी तर्जनी वर करायच्या. कामोठ्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी त्या सुकी मासळी विकायच्या आणि वर्षातून एकदा आसपासच्या बायकांना मिनीबसने नाशिकला न्यायच्या. मी निवृत्त भूगोल शिक्षक, त्यामुळे त्यांना रस्ते शिकवणं माझं कर्तव्य आहे असं मला वाटायचं. त्यांनी तसं कधी म्हटलं नव्हतं.

एकदा बोंबील घेताना मी ऐकवलं, की जटायू पडला ती जागा म्हणून आपल्याकडे टाकेद दाखवतात, तशी आंध्रातही दाखवतात आणि केरळातही.

“केवढा पक्षी व्हता तो,” बोंबील कागदात बांधत त्या म्हणाल्या. “पंख हिकडं, पाय तिकडं पडलं आसतील.”

त्या वर्षी बायकोच्या मागे मीही बसमध्ये चढलो, नकाशासकट. मावशींचे वडील नुकतेच गेले होते. भाऊ नव्हता. पुतण्याने अग्नी दिला आणि बाईमाणसाने पाणी द्यायचं नसतं, असं भावकीने त्यांना सुनावलं.

“टाकेदला रामानं पाखराचं दिवसपाणी केलं, बापाचं करावं तसं,” त्या मला म्हणाल्या. “पाखरू त्याचं कोण लागत व्हतं? तिथं मला कोण आडवील?”

टाकेदचा फाटा घोटीला लागतो, म्हणजे नाशिकच्या आधीच. तरी मावशींचा क्रम ठरलेला. आधी रामकुंडात अंघोळ, मग शूर्पणखेचं नाक कापलं ते तपोवन, मग सीतेला नेलं ती पंचवटीतली सीतागुंफा, आणि टाकेद परतताना. असला उलटा फेरा माझ्या भूगोलाला कसा सोसणार? त्यांचा डोळा लागलेला पाहून मी ड्रायव्हरला घोटीलाच वळायला लावलं.

टाकेदच्या कुंडाजवळ बस थांबली. मावशी जागच्या हलल्या नाहीत.

“सर, सीता अजून पंचवटीत हाय. तिला न्हेलीच नाय, तर जटायू मरंल कसा?”

मी नकाशा उघडून तासभर अंतरं समजावली. बायका माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तशा बघत होत्या. शेवटी बस नाशिकला गेली. सीतागुंफेच्या रांगेत आणखी वेळ गेला, शिवाय गुंफेत वाकून उतरताना माझं डोकं आपटलं. ते योग्यच झालं. परत टाकेदला पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता, आणि त्यानंतर पाणी देत नाहीत. मावशींनी लांबूनच कुंडाला हात जोडले.

“तुमी शालंत काय शिकवायचं, सर?”

“भूगोल.”

“आसू दे. फुडच्या वर्सी येऊ.”

पुढचं वर्ष त्यांना मिळालं नाही. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला फार अपराधी वाटलं, अजूनही वाटतं.

यंदा बायकांना मी घेऊन गेलो. रामकुंड, तपोवन, सीतागुंफा, सगळं ओळीने केलं. टाकेदला पोचलो तेव्हा अजून ऊन होतं. कुंडावरच्या गुरुजींनी माझ्या ओंजळीत तीळ आणि पाणी दिलं. मी मावशींच्या वडिलांचं नाव सांगितलं, मग मावशींचं.

“आपले कोण लागतात?” गुरुजींनी विचारलं.

“कोणी नाही.”

“मग बरोबर जागी आलात,” ते म्हणाले आणि त्यांनी मंत्र सुरू केला.